झूमवर मुलांना स्वतःचाच आवाज परत येतोय आणि माझा आवाज जातच नाहीये, स्क्रीनशॉट टाकलाय, बघा ना कुणीतरी

पेटीवाली_ताई · मंगळवार, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी, मी इंदिरानगरला राहते, घरूनच पेटी आणि भजनं शिकवते. प्रत्यक्ष येणारी मुलं वेगळी, पण मंगळवार शनिवार संध्याकाळी झूमवर सात जणांचा क्लास असतो, दोन इथलीच, एक ओझरचा, एक पुण्याची, दोघं तिघं बाहेरदेशी. दोन वर्षं सगळं नीट चाललं होतं आणि मागच्या शनिवारपासून काय बिघडलंय कळत नाही. मुलं म्हणतात ताई आमचाच आवाज आम्हाला परत ऐकू येतोय, आणि वरून म्हणतात तुमचा आवाज येतच नाहीये. म्हणजे मी इकडे घसा फोडून सांगतीये आणि तिकडे मुलं हात हलवून दाखवताहेत की नाही येत नाही येत.

मग मी काय केलं, मोबाईलवरून पण त्याच मीटिंगला जॉईन झाले, बोलायला मोबाईल आणि नोटेशन दाखवायला लॅपटॉप. तर अशी शिट्टी सुरू झाली की शेजारच्या वहिनी बघायला आल्या. ब्लूटूथ हेडफोन लावून पाहिला तर मुलांचा एको बंद झाला पण माझा आवाज तरीही जात नाही. हेडफोन मुलाच्या मोबाईलला लावला की छान चालतो, म्हणजे हेडफोन बरा आहे.

झूमच्या ऑडिओ सेटिंगचा स्क्रीनशॉट खाली टाकलाय. फोटो नीट उघडत नसेल तर लिहिते पण. Speaker समोर Same as System, Microphone समोर पण Same as System. Input Level ची पट्टी अर्ध्यापर्यंत हिरवी दिसतीये. Automatically adjust microphone volume ला टिक. त्याखाली Original sound for musicians ला टिक आहे, आणि त्यात High-fidelity music mode ला टिक, Echo cancellation रिकामं. हे टिकमार्क एक व्हिडिओ बघून मीच लावले होते, पेटीचा सूर कापला जातो म्हणून, पण त्याला झालं वर्ष. लॅपटॉप विंडोज १० चा.

मिलिंदकाका_पंचवटी · मंगळवार, रात्री १०:०५

फॉरमॅट मारा. जुना लॅपटॉप असला की हे असंच होतं. आमच्याकडे हाच उपाय.

अंबडचा_बाळू · मंगळवार, रात्री १०:११

काका प्रत्येक धाग्यात फॉरमॅट मारायला लावता तुम्ही, मागे त्या बिचाऱ्याचे लग्नाचे फोटो गेले होते.

ताई, मी कंपनीत हेल्पडेस्कलाच आहे, रोज दहा कॉल असतात माईकचे. तुमचा विंडोजनेच माईक अडवलेला असणार. सेटिंग उघडा, Privacy, डावीकडे खाली Microphone. तिथे Allow apps to access your microphone ऑन पाहिजे आणि अगदी खाली स्क्रोल करून Allow desktop apps to access your microphone ते पण ऑन पाहिजे. दुसरं बटण लोक बघतच नाहीत आणि झूम त्या दुसऱ्यातच येतं. अपडेटनंतर हे ऑफ झालेलं मी पाहिलंय. ते ऑन करा, काम झालं.

द्राक्षवाला_दिंडोरी · मंगळवार, रात्री १०:२०

माझंबी सेम झालं होतं ताई. आमचे सल्लागार व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉलवर पानं बघतात, डावणी आहे का काय ते सांगतात. मी बागेत उभा राहून बोलतोय बोलतोय, ते म्हणतात आवाज नाही. मोबाईल बदलायला निघालो होतो. मग कळलं की गाडी बांधावर उभी, पोरगी आत बसून गाणे ऐकत होती, फोन गाडीच्या ब्लूटूथला जोडलेला! म्हणजे माझा माईक गाडीत आणि मी बागेत. सल्लागाराला पोरीचं गुणगुणणं ऐकू येत होतं. कॉलमध्ये स्पीकरचं बटण दाबलं की फोन का ब्लूटूथ ते विचारतं, तिथून फोन केला की आला आवाज. तुमची गाडी कुठंय?

पेटीवाली_ताई · मंगळवार, रात्री १०:३४

दादा गाडी नाही आमच्याकडे, ॲक्टिवा आहे 😄 पण किस्सा भारी.

बाळू, बघितलं. दोन्ही ऑनच आहेत. आणि यादीत झूमच्या खाली तारीख वेळ पण दिसतीये, आत्ताची.

अंबडचा_बाळू · मंगळवार, रात्री १०:३८

मग ड्रायव्हर. डिव्हाइस मॅनेजरमधून साऊंडचा ड्रायव्हर अनइन्स्टॉल करून रिस्टार्ट करा.

भोंगेवाला · मंगळवार, रात्री ११:१५

थांबा थांबा ताई, ड्रायव्हर काढू नका अजून. आत्ताच सिडकोतून एक हळदीचं काम आटपून घरी आलो, स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला. माझा धंदा साऊंड सिस्टीमचा आहे, लॅपटॉपचा नाही, पण लॉकडाऊनपासून निम्मे फोन याचेच येतात मला.

बाळूने सांगितलं ते चूक नाही, विंडोजने माईक अडवला असता तर आवाज गेलाच नसता. पण मग पट्टी मेलेली असती. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये Input Level अर्ध्यापर्यंत हिरवं आहे, म्हणजे झूमला आत काहीतरी आवाज मिळतोय, रस्ता मोकळा आहे. प्रश्न असा आहे की मिळतोय तो कुणाचा.

एक सांगा, हा स्क्रीनशॉट घेतला तेव्हा तुम्ही बोलत होता का?

पेटीवाली_ताई · मंगळवार, रात्री ११:२२

नाही हो, मी गप्प होते. ओझरचा मुलगा अलंकार म्हणून दाखवत होता, तेवढ्यात घेतला.

भोंगेवाला · मंगळवार, रात्री ११:३१

मला तेच वाटलं. आता उद्या एवढं करा, कुणातरी एका विद्यार्थ्याला पाच मिनिटं जॉईन करून घ्या. मोबाईलवरून तुम्ही जॉईन व्हायचं नाही, फक्त लॅपटॉप. लॅपटॉपला वायरचा साधा इअरफोन लावा, म्हणजे खोलीत स्पीकरचा आवाज अजिबात नको. ऑडिओ सेटिंग उघडून ती पट्टी समोर ठेवा. आधी तुम्ही गप्प बसा आणि त्याला गायला सांगा, पट्टी हलते का बघा. मग तो गप्प आणि तुम्ही पेटी वाजवा भाता पूर्ण दाबून, परत पट्टी बघा. आणि Test Mic चं बटण पण दाबून बघा, ते तुमचं बोलणं रेकॉर्ड करून तुम्हालाच परत ऐकवतं.

इअरफोन का म्हणतोय ते महत्त्वाचं आहे. स्पीकर चालू असला तर मुलाचा आवाज स्पीकरमधून हवेतून माईकमध्ये जाऊन पण पट्टी हलू शकते, मग काही कळत नाही. इअरफोन लावल्यावर हवेचा रस्ता बंद. तरीही पट्टी हलली तर आवाज लॅपटॉपच्या आतूनच फिरून येतोय.

मिलिंदकाका_पंचवटी · बुधवार, सकाळी ८:१०

एवढा खटाटोप करण्यापेक्षा फॉरमॅटला दीड तास लागतो.

पेटीवाली_ताई · बुधवार, दुपारी ४:४०

केलं. आणि भुताटकी आहे चक्क! मुलगा गायला की पट्टी नाचते, मी इअरफोन लावलेला, खोलीत चिडीचूप. मग मी पेटी वाजवली, काळी चारमध्ये अख्खं सप्तक दाबलं, पट्टी ठार मेलेली, एक रेघ नाही. Test Mic मध्ये बोलले, काही म्हणजे काही ऐकू आलं नाही परत.

भोंगेवाला · बुधवार, संध्या. ६:०२

भुताटकी नाही. तुमच्या झूमने माईक म्हणून तुमचा माईक धरलेलाच नाही, लॅपटॉपमध्ये जे वाजतंय तेच तो माईक समजून परत पाठवतोय. म्हणून मुलांना त्यांचंच गाणं परत जातंय आणि तुमचा आवाज कुठेच नाही. दोन तक्रारी वाटतात पण दुखणं एकच. आता नाव बघू. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि R एकत्र दाबा, छोटी चौकट येईल, त्यात हे टाकून एंटर

```
mmsys.cpl
```

जुन्या पद्धतीची साऊंडची खिडकी उघडेल. वर दुसरा टॅब Recording. त्याचा स्क्रीनशॉट टाका, काही बदलू नका अजून.

पेटीवाली_ताई · बुधवार, संध्या. ६:२५

टाकलाय. दोन नावं आहेत. वर Microphone Array आणि खाली Realtek असं काहीतरी, त्याला Ready लिहिलंय. दुसरं Stereo Mix, त्याला हिरवी टिक आणि Default Device लिहिलंय. हे स्टिरिओ मिक्स काय प्रकरण, मी तर आयुष्यात हात नाही लावला.

भोंगेवाला · बुधवार, संध्या. ६:४४

सापडला चोर.

स्टिरिओ मिक्स हा माईक नाहीच. लॅपटॉपचं साऊंड कार्ड स्पीकरला जे पाठवतं त्याचीच एक कॉपी ते रेकॉर्डिंगच्या बाजूला देतं. लॅपटॉपवर वाजणारं गाणं जसंच्या तसं रेकॉर्ड करायचं असेल तर कामाला येतं, एरवी ते बंदच ठेवलेलं असतं, यादीत दिसत पण नाही. तुमच्याकडे कुणीतरी मुद्दाम चालू करून डिफॉल्ट केलंय. आणि झूममध्ये तुम्ही Same as System ठेवलेलं, म्हणजे विंडोजचा जो डिफॉल्ट असेल तो घे. त्यामुळे पहिल्या स्क्रीनशॉटमध्ये सगळं बरोबरच दिसत होतं, खरं नाव तिथे लिहिलेलंच नव्हतं. मला कुणी Same as System वाला स्क्रीनशॉट पाठवला की मी हा दुसरा मागतोच.

घरात कुणी गाणं बिणं रेकॉर्ड केलं का शनिवारच्या आधी?

पेटीवाली_ताई · बुधवार, संध्या. ७:०१

आत्ता विचारलं, चिरंजीव हळूच म्हणतात हो. शाळेच्या गॅदरिंगला गाणं पाहिजे होतं, यूट्यूबवरून लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं, कुणीतरी मित्राने सांगितलं की रिकाम्या जागेत राईट क्लिक करून Show Disabled Devices करायचं आणि ते चालू करायचं. काम झाल्यावर परत करायचं राहिलं म्हणे. चार दिवस मी राऊटर बंद चालू करतीये आणि हा शेजारी बसून बघतोय!!

कॉलेजरोडची_काकू · बुधवार, संध्या. ७:१५

मुलांचं असंच. पण ताई त्याने खरं सांगितलं हो, रागावू नका फार.

भोंगेवाला · बुधवार, संध्या. ७:२०

त्याच यादीत Microphone Array वर राईट क्लिक, Set as Default Device करा, आणि परत राईट क्लिक करून Set as Default Communication Device पण करा, विंडोज गाण्यांसाठी वेगळा आणि कॉलसाठी वेगळा डिफॉल्ट ठेवतं म्हणून दोन्ही. मग Stereo Mix वर राईट क्लिक करून Disable. आणि झूममध्ये जाऊन Microphone च्या बाणावर क्लिक करून नावाने Microphone Array निवडा, Same as System नको. उद्या चिरंजीवांनी परत उद्योग केला तरी क्लास सुरक्षित.

ब्लूटूथने तुम्हाला गोंधळात टाकलं त्याचं पण सांगतो. हेडफोन लावला तेव्हा तुम्ही झूममध्ये फक्त Speaker बदललात बहुतेक, माईक तसाच राहिला. स्टिरिओ मिक्स ऐकतं फक्त त्या साऊंड कार्डातून बाहेर जाणारा आवाज. आवाज ब्लूटूथला वळवला की कार्डातून काही जातच नाही, मग कॉपी कशाची करणार, शांतता. म्हणून एको गेला पण तुमचा आवाज आला नाही तो नाहीच.

अंबडचा_बाळू · बुधवार, रात्री ८:३३

मान गए. पण मला एक पटत नाहीये. स्टिरिओ मिक्स असलं तरी झूमचं स्वतःचं एको कॅन्सलेशन असतं ना, ते मुलांचा आवाज काढून टाकायला पाहिजे होतं. आमच्याकडे एका मॅडमचं स्टिरिओ मिक्स होतं तेव्हा नुसताच आवाज जात नव्हता, एकोची तक्रार आली नव्हती कधी.

भोंगेवाला · बुधवार, रात्री ९:१०

बरोबर विचारलंस. पहिल्या स्क्रीनशॉटचं खालचं अर्धं बघ, Echo cancellation ची चौकट रिकामी आहे. तिथेच उत्तर आहे.

एको काढण्यात जादू काही नाही, झूमला माहीत असतं की मी आत्ता स्पीकरला काय पाठवलं. माईकमधून जे परत येतं त्यात तोच आवाज शोधायचा आणि वजा करायचा, उरलं ते पुढे पाठवायचं. तुझ्या मॅडमचं ते चालू होतं, म्हणून वजा होऊन शून्य उरत असणार, सगळं शांत. ताईंनी ओरिजिनल साऊंडमध्ये वजाबाकीच बंद ठेवलेली, म्हणून मुलांचा आवाज अखंड परत गेला. वर्षभर ते बंद होतं पण ताई क्लासला इअरफोन लावत असतील, मग हवेतून परत जायला रस्ताच नव्हता म्हणून खपून गेलं. बरोबर का ताई?

आणि मोबाईलची शिट्टी म्हणजे तुम्ही मोबाईलमध्ये बोलला, ते लॅपटॉपवर वाजलं, लॅपटॉपने तेच परत मीटिंगमध्ये पाठवलं, ते मोबाईलच्या स्पीकरवर वाजलं, मोबाईलच्या माईकने परत घेतलं. मंडपात माईक घेऊन भोंग्यासमोर उभं राहिलं की जे होतं तेच.

पेटीवाली_ताई · बुधवार, रात्री ९:२६

हो हो इअरफोनच लावते नेहमी, मागच्या आठवड्यात एका कानाचा बंद पडला म्हणून स्पीकरवर घेत होते. आता घरातला दुसरा एक शोधून लावलाय.

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं आणि Test Mic मध्ये माझा आवाज आला!!! पुण्याच्या मुलीला जॉईन करून बघितलं, ताई स्पष्ट येतंय म्हणाली. पण आता मी ती Echo cancellation ची टिक लावू का नको?

अंबडचा_बाळू · बुधवार, रात्री ९:३०

लावा ना, बंद ठेवायचं कारणच काय. एवढं सगळं त्यामुळेच झालं.

भोंगेवाला · बुधवार, रात्री ९:४८

बाळू, इथे मी जरा वेगळं म्हणेन. त्या व्हिडिओवाल्याने उगाच नाही सांगितलं. वजाबाकी कधी अचूक नसते. दोन्हीकडून एकाच वेळी आवाज असला, म्हणजे मुलगा गातोय आणि ताई मागे पेटीवर सूर धरताहेत, तर त्या गोंधळात ताईंच्या सुराचा पण तुकडा उडतो. बोलण्यात एखादा शब्द गेला तर चालतं, लांब धरलेल्या सुरात मधेच खड्डा पडला की मुलांना वाटतं ताईंनी भाता सोडला. आणि नुसता नॉइज सप्रेशनवाला साधा मोड असला तर तो सतत एकसारखा वाजणारा सूर पंख्याची घरघर समजून दाबतो. पेटीचं दुर्दैव असं की ती एकसारखीच वाजते.

म्हणून माझं म्हणणं, कानात वायरचा इअरफोन असेल तर टिक काढून ठेवा, काही बिघडत नाही, सूर चांगला जातो. ज्या दिवशी स्पीकरवर घ्याल त्या दिवशी टिक लावाच, सूर थोडा खराब गेला तरी चालेल. अजून एक, सेटिंगमध्ये ओरिजिनल साऊंडला टिक असली तरी मीटिंग सुरू झाल्यावर ते चालू आहे का बंद ते मीटिंगच्या खिडकीत वेगळं दिसतं, माझ्याकडे वर डाव्या कोपऱ्यात यायचं, नवीन व्हर्जनमध्ये जागा बदललीये. ते बंद असेल तर या टिका लागूच होत नाहीत.

अंबडचा_बाळू · बुधवार, रात्री ९:५५

हे नव्हतं माहीत. आमच्याकडे कोण पेटी वाजवतं म्हणा ऑफिसमध्ये. पण ताई ब्लूटूथ हेडफोन आहे ना चांगला, तो वापरा मग, त्याचा माईक पण निवडा.

भोंगेवाला · बुधवार, रात्री १०:०४

बोलायला चालेल, पेटीला नको. ताई, तुमच्या विंडोज १० मध्ये त्या हेडफोनची दोन नावं दिसतील, एकापुढे Stereo आणि दुसऱ्यापुढे Hands-Free. स्टिरिओवाल्यात गाणं छान ऐकू येतं पण त्या रस्त्याने माईक येतच नाही. त्याचा माईक घेतला की ब्लूटूथ फोनवर बोलायच्या मोडमध्ये जातं, मग तुम्हाला ऐकू येणारं पण डबड्यात बसल्यासारखं होतं आणि तुमचा आवाज पण तसाच जातो. बरं तो माईक कानाशी, पेटी मांडीशी. ब्लूटूथला थोडा उशीर पण लागतो, ताल धरायला आधीच झूमवर मारामार असते. एम.जी. रोडवरून एक वायरचा इअरफोन आणा, स्वस्तातला चालेल. माईकवाला आणलात तर मात्र लावल्यावर झूममध्ये माईकचं नाव परत बघा, गळ्यापाशी लोंबणारा माईक पदराला घासून खरखर करतो, म्हणून लॅपटॉपचाच बरा.

कॉलेजरोडची_काकू · गुरुवार, सकाळी ९:३०

मी मघापासून वाचतेय, समजलं निम्मं. आमच्याकडे वेगळं आहे, नातवाला व्हिडिओ कॉल लावतो रविवारी, मी माझ्या फोनवरून आणि हे त्यांच्या फोनवरून, कारण एका फोनमध्ये दोघांचं तोंड मावत नाही आणि ह्यांना आपलं आपलं पाहिजे असतं. दोघं हॉलमध्येच बसतो. नातू म्हणतो आजी तू दोनदा बोलतेस. इथे पण ती टिक आहे का कुठे?

भोंगेवाला · गुरुवार, सकाळी १०:१२

काकू टिकेची गरज नाही, काकांना बेडरूममध्ये पाठवा 😀 तुम्ही बोलता ते तुमचा फोन पण घेतो आणि काकांचा पण, दोन्हीकडून थोडं मागेपुढे नातवाकडे पोचतं. आणि नातवाचा आवाज काकांच्या फोनमधून वाजतो तो तुमचा फोन ऐकतो. तुमच्या फोनला फक्त स्वतःच्या स्पीकरवर काय वाजलं तेवढंच वजा करता येतं, काकांच्या स्पीकरचं त्याला काय माहीत. एका खोलीत बसायचंच असेल तर काकांच्या फोनचा माईक म्यूट करा आणि त्यांचा आवाजही अगदी खाली करा. नुसता म्यूट केला तर त्यांचा स्पीकर वाजतच राहतो.

कॉलेजरोडची_काकू · गुरुवार, सकाळी १०:२०

म्यूट केलेलं ह्यांना चालणार नाही. बघते बेडरूमचं.

पेटीवाली_ताई · शनिवार, रात्री ८:१५

आजचा क्लास झाला. माझा आवाज सगळ्यांना मस्त गेला, पेटी पण छान येतीये म्हणाले. पण पहिली दहा मिनिटं परत एको होता! मग काकूंचं वाचलेलं आठवलं, माझा मोबाईल टीपॉयवर त्याच मीटिंगमध्ये तसाच पडलेला, मला वाटलं म्यूट आहे म्हणजे झालं. त्याच्या स्पीकरमधून मुलांचा आवाज येत होता आणि लॅपटॉप तो ऐकत होता. मोबाईल मला ठेवायचाच आहे, त्याच्या कॅमेऱ्याने पेटीवरची बोटं दाखवते, मग काय करू?

भोंगेवाला · शनिवार, रात्री ८:४१

मोबाईलवर झूममध्ये More दाबा, त्यात Disconnect Audio येतं. ते केलं की त्या मोबाईलचा माईक पण जातो आणि स्पीकर पण, नुसता कॅमेरा राहतो. पुढच्या वेळी जॉईन होताना ऑडिओचं विचारेल तेव्हा Wifi or Cellular Data ला हात लावायचा नाही.

पेटीवाली_ताई · शनिवार, रात्री ९:०३

हे फारच सोपं निघालं. आता एकच राहिलंय. ओझरचा मुलगा अनम्यूट झाला की *मला* माझा आवाज परत येतो, जरा उशिराने, एक मात्रा मागे. बाकीच्यांना पण त्यांचा स्वतःचा येतो. त्या मुलाला मात्र काही त्रास नाही, तो म्हणतो ताई माझ्याकडे एकदम क्लिअर आहे. त्याची आई म्हणते तुमच्याच लॅपटॉपचं काहीतरी राहिलंय दुरुस्त करायचं.

भोंगेवाला · शनिवार, रात्री ९:२०

उलटं आहे ताई. ज्याला स्वतःचा आवाज परत येतो त्याचं काही चुकलेलं नसतं, ज्याच्याकडे सगळं क्लिअर आहे त्याच्याच खोलीत घोळ असतो. तुमचा आवाज त्याच्याकडे गेला, तिथे स्पीकरवर वाजला, त्याच्या माईकने परत पाठवला. त्याचा स्वतःचा आवाज त्याला कोण परत पाठवणार, तुमच्याकडे तर आता इअरफोन आहे. त्याला म्यूट केलं की सगळ्यांचा एको जातो ना?

पेटीवाली_ताई · शनिवार, रात्री ९:२४

जातो, लगेच.

अंबडचा_बाळू · शनिवार, रात्री ९:३१

नेट स्लो असेल त्याचं. उशिराने येतो म्हणजे लॅग.

भोंगेवाला · शनिवार, रात्री ९:४५

नेट स्लो असलं तर आवाज तुटेल, उशिरा येईल, पण नेट एको तयार करत नाही. एकोला स्पीकर आणि माईक एकमेकांना ऐकणारे लागतातच. उशीर मात्र नेटमुळे असू शकतो, तेवढं बरोबर.

ताई तो मुलगा काय वापरतो? त्याच्याही स्क्रीनशॉटमध्ये Speaker समोर काय लिहिलंय ते मागवा.

पेटीवाली_ताई · शनिवार, रात्री ९:५८

त्याच्या बाबांनी लॅपटॉप टीव्हीला जोडून दिलाय, मोठं दिसावं म्हणून. स्क्रीनशॉट पाठवला आईने. Speaker समोर टीव्हीचं नाव आहे, पुढे High Definition Audio. माईक लॅपटॉपचा. ओरिजिनल साऊंड त्याच्याकडे नाहीचे चालू, म्हणजे वजाबाकी चालू असणार ना?

भोंगेवाला · शनिवार, रात्री १०:१७

चालू असणार. पण टीव्ही आवाज आल्या आल्या वाजवत नाही, चित्राशी जुळवायला, सराउंड बिराउंड करायला थोडा थांबतो, शिवाय त्याची चव बदलतो. झूमने पाठवलं एक आणि खोलीत वाजलं दुसरंच, तेही उशिरा, मग वजाबाकी फसते. टीव्हीचा आवाजही मोठा ठेवत असतील हॉलमध्ये. माझा अंदाज आहे हा, त्याच्या घरी जाऊन बघितलं तरच शंभर टक्के सांगेन. चित्र टीव्हीवर राहू दे, फक्त Speaker मध्ये लॅपटॉपचं नाव निवडायला सांगा किंवा कानात इअरफोन. टीव्हीच लागत असेल तर टीव्हीच्या साऊंड सेटिंगमधला मोड साधा करून आणि आवाज कमी करून बघा, कधी जमतं कधी नाही.

अंबडचा_बाळू · शनिवार, रात्री १०:२२

आमच्या मीटिंग रूममध्ये टीव्हीच आहे आणि एको नाही येत.

भोंगेवाला · शनिवार, रात्री १०:२६

तुमच्याकडे टेबलावर तो गोल स्पीकर माईक ठेवलेला असेल, आवाज त्यातून येतो, टीव्हीतून नाही. सोमवारी जाऊन बघ.

मिलिंदकाका_पंचवटी · शनिवार, रात्री १०:४०

त्या ओझरवाल्याचा लॅपटॉप कितीचा आहे? जुना असेल तर फॉरमॅट

पेटीवाली_ताई · शनिवार, रात्री १०:४४

काका 🙏

ओझरच्या आईला लिहिलंय भोंगेवाल्या दादांचं, निळी टिक आली पण उत्तर नाही अजून. मंगळवारी कळेल.

अंबडचा_बाळू · सोमवार, दुपारी १:१२

बघितलं मीटिंग रूममध्ये. टेबलावर गोल डबा आहे. Speaker मध्ये त्याचंच नाव.